संस्थेच्या नावात कोणते शब्द चालत नाहीत? यादी कुठे मिळते?

सिन्नरचा_वारा
मंडळी, जरा मदत हवी आहे.

आम्ही सात जण गेली चार वर्षे रुग्णसाहित्य देतो. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठीमागून वर होणारे दोन पलंग, एक ऑक्सिजनचे यंत्र. अनामत घ्यायची, वस्तू परत आली की अनामत परत. सगळे माझ्या मेव्हण्याच्या गाळ्यातून चालते. आता देणगी देणारे पावती मागतात, म्हणून संस्था नोंदवायला निघालो. कोर्टाजवळच्या एका टायपिस्टकडून ज्ञापन आणि नियमावली करून घेतली. नाव ठेवले, "राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य मिशन, महाराष्ट्र राज्य". भारदस्त वाटावे एवढाच हेतू.

काउंटरवरच्या बाईंनी पहिल्या पानावरच बोट ठेवले आणि म्हणाल्या, "नाव बदलून आणा, हे शब्द चालत नाहीत." कोणते शब्द, ते विचारायच्या आत मागचा माणूस पुढे सरकला होता.

तर प्रश्न असा की बंदी असलेल्या शब्दांची छापील यादी आहे का? दुसरे, आमच्यातल्या एकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव हवे आहे. तिसरा म्हणतो माझ्या वडिलांचे नाव द्या, मी एक्कावन्न हजार देतो. मतदान घेतले तर तीन-तीन-एक होते, आणि तो एक म्हणजे मी.

कर्जत_लोकल
आमच्याकडे हेच झाले होते. बिल्डरने इमारतीला "हाइट्स" लावले होते, आम्हाला मराठी नाव हवे होते. उपनिबंधकांकडे तीन नावे द्यायची असतात. आम्ही साईकृपा, साईछाया आणि साईदर्शन दिली. तिन्ही आधीच कुणीतरी घेतलेली. शेवटी सेक्रेटरीच्या मुलीने सुचवलेले नाव लागले. तुम्हीही तीन देऊन बघा.

पाटलीण_बाई
@कर्जत_लोकल, त्यांची हौसिंग सोसायटी नाहीये हो. रुग्णसाहित्य देतात ते. धर्मादायचा प्रश्न आहे.

कर्जत_लोकल
अरे हो. शीर्षकातला "संस्था" शब्द बघून मी आमचीच समजलो. आमच्या पाटीवरही "संस्था मर्यादित" असेच लिहिले आहे.

ज्ञानपिपासू७२
यादी आहे. बोर्ड, कमिशन, ऑथॉरिटी, नॅशनल, सेंट्रल, युनियन, फेडरल, रिपब्लिक, कोर्ट, ब्युरो, मिनिस्टर, गव्हर्नर, म्युनिसिपल, पंचायत. यातले काहीही नावात आले की केंद्र सरकारची परवानगी लागते. "राष्ट्रीय" म्हणजेच नॅशनल, म्हणून तुमचे अडले. छत्रपतींच्या नावाला तर १९५० च्या कायद्याने साफ बंदीच आहे. आणि "मानवाधिकार" व "भ्रष्टाचार" हे शब्द २०१८ पासून बंद आहेत, धर्मादाय आयुक्तांचे परिपत्रकच आहे.

चहाटळ
म्हणजे "राष्ट्रीय भ्रष्टाचार बोर्ड" असे ठेवता येणार नाही तर. वाईट झाले, सभासद भरपूर मिळाले असते.

कागदी_घोडा
एकोणतीस वर्षे एका वकिलांकडे न्यास नोंदणीची कामे केली, आता घरी बसून नातवाचा गृहपाठ करतो. ज्ञानपिपासूंनी तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

त्यांनी दिलेली यादी खरी आहे, पण ती कंपन्यांची. कंपनी कायद्याखाली २०१४ चे नियम आहेत, त्यातल्या नावांच्या नियमात ते शब्द येतात. ना-नफा कंपनी काढणार असाल, ज्याला लोक सेक्शन एट म्हणतात, तर ती यादी तुम्हाला लागू. तुम्ही सात जण संस्था काढताय, म्हणजे १८६० चा संस्था नोंदणी कायदा, आणि हेतू धर्मादाय असल्यामुळे वर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दोन नोंदण्या, बहुतेक एकाच इमारतीत. पहिलीचा क्रमांक "महा" ने सुरू होतो, दुसरीचा "एफ" ने. तिथे ती कंपन्यांची यादी भिंतीवर लावलेली नसते.

मग तुमचे नाव का अडले? कारण ते सरकारी योजनेचे नाव आहे! राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान केंद्राने २००५ मध्ये सुरू केले. आशाताई त्यातूनच गावोगाव आल्या. तुम्ही "अभियान" काढून "मिशन" टाकलेत आणि शेपटीला "महाराष्ट्र राज्य" लावलेत. १९५० चाच दुसरा एक कायदा आहे, बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा. त्याच्या अनुसूचीत काही ठरावीक नावे आहेत आणि एक मोठे जाळेही आहे: ज्या नावावरून केंद्राचा किंवा राज्याचा आश्रय आहे असे वाटेल, किंवा एखाद्या स्थानिक संस्थेशी वा कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाशी संबंध आहे असे वाटेल, असे कोणतेही नाव. यात शब्द मोजत नाहीत, नाव वाचून काय वाटेल ते बघतात.

आता तुमच्याच नावावर करून बघा. "राष्ट्रीय" एकटा असता तर कदाचित प्रश्न विचारून सोडले असते. "ग्रामीण आरोग्य" ला कुणाची हरकत असायचे कारण नाही. "मिशन" हजारो संस्थांच्या नावात आहे. "महाराष्ट्र" हा शब्द तर शंभर-शंभर वर्षांच्या संस्थांच्या नावात आहे. पण चौघे एका रांगेत उभे केले की गावातली म्हातारी काय समजेल? सरकारी दवाखान्याची माणसे आली. ती अनामत देताना तुम्हाला नाही, सरकारला देईल. बाईंनी बोट ठेवले ते याच्यावर.

सिन्नरचा_वारा
घोडेसाहेब, खरे सांगू का, दोन जणांनी आम्हाला आशाताईंच्या मानधनाबद्दल विचारलेच होते. तेव्हा हसलो होतो.

पाटलीण_बाई
हसण्यासारखे नाही ते. आमच्या भागात "राज्यस्तरीय" अमुक "परिषद" म्हणून एक संघटना होती. लाल अक्षरातले ओळखपत्र, गाडीवर पाटी, खाली बारीक अक्षरात "नोंदणीकृत". दुकानदारांकडून पैसे उकळायचे. लोक घाबरून देत, कारण नाव सरकारी वाटायचे. काउंटरवरच्या बाईने अडवले तर मला तिचे कौतुकच वाटते.

ज्ञानपिपासू७२
मान्य, यादी कंपन्यांची. पण २०१८ च्या परिपत्रकाचे काय? आणि छत्रपतींचे?

ॲड_मृद्गंध
परिपत्रकाचे मी सांगते. २०१८ मध्ये धर्मादाय आयुक्तांनी काढले होते हे बरोबर. भ्रष्टाचार निर्मूलन, भ्रष्टाचारमुक्त, मानवाधिकार असे शब्द नावात असलेल्या संस्थांनी ते काढावेत, असा रोख होता. त्यामागचे कारण पाटलीणबाईंनी वर सांगितले तसलेच, काही लोक या नावांखाली समांतर न्यायालये चालवत होते. पण मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले आहे. त्यामुळे आज केवळ "मानवाधिकार" शब्द आहे म्हणून नाव नाकारता येऊ नये. गंमत अशी की रद्द झालेली परिपत्रके फाइलमधून जात नाहीत, वर्षानुवर्षे कुणीतरी दाखवत राहते. तसे झाले तर वाद घालण्याऐवजी हरकत लेखी मागावी. लेखी मागितली की अर्ध्या हरकती विरघळतात.

छत्रपतींच्या बाबतीत मात्र मी ज्ञानपिपासूंना पूर्ण चूक म्हणणार नाही. त्या बोधचिन्हांच्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे आहेत. नाव आणि चित्र, दोन्ही.

चहाटळ
मग आमच्या आळीतले छत्रपती मित्र मंडळ, छत्रपती वडापाव आणि छत्रपती केशकर्तनालय? आत टाका सगळ्यांना!

कागदी_घोडा
वडापाववाला खरे तर त्या कायद्याच्या सरळ निशाण्यावर आहे, कारण कलम तीन व्यापार, धंदा, व्यवसाय यांसाठी नाव वापरू नका म्हणते. दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि खटला भरायलाही केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. त्यामुळे वडापाव सुखाने तळला जातो.

संस्थेचे वेगळे आहे. कलम चार नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला बांधते. त्याने अशा नावाची कंपनी, पेढी किंवा व्यक्तींचा समूह नोंदवू नये. शंका आली तर तो केंद्राकडे विचारणा करू शकतो. म्हणजे दंडाची भीती तुम्हाला नसली तरी अधिकाऱ्याचा हात अडतो.

ॲड_मृद्गंध
इथे मी असहमत. कलम चार पुन्हा कलम तीनकडेच बोट दाखवते. जे नाव कलम तीनचा भंग करते ते नोंदवू नका, एवढेच ते सांगते. मोफत वॉकर देणारी संस्था ना व्यापार करते, ना धंदा. मग भंग कुठे झाला?

कागदी_घोडा
वकीलबाई, मूळ इंग्रजीत "कॉलिंग" असाही शब्द आहे. त्यात सेवाकार्य बसते की नाही यावर मी स्वतः दोन अधिकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध बोलताना ऐकले आहे. एकाने "शिवाजी" असलेले नाव त्याच आठवड्यात नोंदवले, दुसऱ्याने "छत्रपती शिवाजी महाराज" असे पूर्ण नाव बघून आधी केंद्राची परवानगी आणा म्हटले. दोघेही आपापल्या जागी ठाम.

ॲड_मृद्गंध
म्हणजे तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध केलेत.

कागदी_घोडा
आणि तुमच्या पक्षकाराचे आठ महिने गेले.

मावळचा_गडी
मी त्या "छत्रपतींचे नाव हवे" म्हणणाऱ्या सभासदाच्या बाजूने. महाराष्ट्रात महाराजांच्या नावाने संस्था काढायला दिल्लीला विचारायचे? अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था कुणाला विचारून निघाली होती?

कागदी_घोडा
पंजाबराव देशमुखांनी ती काढली तेव्हा हा कायदाच नव्हता, गडी. भावना कळते. पण सिन्नरकरांना पुढच्या महिन्यात पावत्या फाडायच्या आहेत. महाराजांचे नाव देऊन फाइल टेबलावर पडून राहण्यापेक्षा, साधे नाव घेऊन गाळ्यात महाराजांची तसबीर लावावी असे मी सुचवीन. बाकी त्यांची मर्जी.

टेम्सकाठचा
इकडे इंग्लंडमध्येही "रॉयल" शब्द असाच आहे, परवानगीशिवाय नावात घालता येत नाही. आमच्या मराठी मंडळातल्या एका उत्साही काकांनी ढोलपथकासाठी "रॉयल मराठा" सुचवले होते. मग नुसतेच "मराठा" राहिले. ढोल तेवढेच वाजतात.

सिन्नरचा_वारा
वाचतोय सगळे, आभार. काल बैठक झाली. नवीन नावे आली आहेत ती इथे टाकतो, फाडून खा:

विश्व आरोग्य संघटन. सहकारी रुग्णसाहित्य केंद्र. गोंदेश्वर रुग्णसेवा न्यास. आणि ते एक्कावन्न हजारवाले, कै. डॉ. अमुकराव तमुकराव स्मृती प्रतिष्ठान.

बोधचिन्हही तयार आहे. पांढऱ्या गोलात लाल अधिक चिन्ह, खाली वॉकर धरलेले आजोबा. आमच्या भाच्याने मोबाइलवर केले आहे, फार सुंदर आलेय.

चहाटळ
विश्व आरोग्य संघटन!!! जिनिव्हाहून फोन येईल.

कागदी_घोडा
चहाटळ थट्टेत बोलले, पण जागतिक आरोग्य संघटनेचे नाव आणि संक्षेप त्या अनुसूचीत अगदी वरच, संयुक्त राष्ट्रसंघाच्या जोडीला आहेत. एका फटक्यात बाद.

"सहकारी" चेही तेच, मात्र कारण वेगळे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम आहे. त्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेशिवाय दुसऱ्या कुणी "सहकारी" किंवा त्या अर्थाचा शब्द नावात घेऊन व्यवहार करू नये, करायचा तर राज्य सरकारची मंजुरी हवी. तो शब्द कर्जतकरांच्या पाटीवर शोभतो, तुमच्या नाही.

आणि भाच्याला सांगा, चिन्ह हिरवे किंवा निळे कर. पांढऱ्यावर लाल अधिक हे रेडक्रॉसचे चिन्ह आहे, युद्धातल्या जखमींच्या संरक्षणासाठीचे. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने आपल्याकडे त्याच्या वापराला मनाई आहे. अर्धे दवाखाने आणि रुग्णवाहिका वापरतात, ते चूकच.

आजीचा_बटवा
अगोबाई! आमच्या क्लिनिकच्या काचेवर अठ्ठावीस वर्षे लाल आहे ते. उद्याच रंगारी बोलावते.

पाटलीण_बाई
गोंदेश्वर छान वाटते की. सिन्नरचे म्हणून लगेच कळते.

ॲड_मृद्गंध
छान आहे, बंदीही नाही. फक्त "न्यास" शब्द काढा. तुम्ही संस्था नोंदवताय, विश्वस्तपत्र करून न्यास नाही. नाव न्यास आणि कागद संस्थेचे असले की बँकेतला मुलगा विश्वस्तपत्र मागत बसतो, ते तुमच्याकडे असणार नाही. हा माझ्या एका अशिलाने भोगलेला प्रकार आहे. त्याला चालू खाते उघडायला पाच फेऱ्या पडल्या.

शिवाय देवाचे नाव घेतले की देणगीदाराला मंदिराचा ट्रस्ट वाटतो. जीर्णोद्धारासाठी म्हणून पैसे आले तर काय करणार?

मावळचा_गडी
आता देवही नको?

ॲड_मृद्गंध
देव हवा, गोंधळ नको.

कर्जत_लोकल
मी परत आलो. माझे प्रकरण अवांतर असले तरी नाव बदलण्याचा अनुभव सांगतो, कारण "आत्ता काहीतरी ठेवू, मग बदलू" असे कुणीतरी म्हणणारच.

आमची नोंदणी घाईत झाली. बिल्डर टाळाटाळ करत होता, म्हणून आम्हीच मुख्य प्रवर्तक निवडून नाव आरक्षित केले, त्या पत्रावर बँकेत खाते उघडले, प्रत्येकी पाचशे भागभांडवल आणि शंभर प्रवेश फी भरली. नावात बिल्डरचे "हाइट्स" तसेच राहिले. सहा वर्षांनी सर्वसाधारण सभेत नाव बदलायचा ठराव झाला, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. कलम १५ प्रमाणे उपनिबंधकांची मान्यताही आली. तोवर वाटले, संपले.

मग कळले की आता भाग दाखले नव्या नावाचे, पॅनवरचे नाव, मालमत्ता कराचे बिल, पाण्याचे आणि जिन्यातल्या दिव्याचे वीजबिल, विमा, लिफ्टच्या देखभालीचा करार, सगळे एकेक करून बदलायचे. नावबदलाने जुने हक्क किंवा देणी बदलत नाहीत असे कायदा सांगतो, ते खरे. पण खिडकीवरचा माणूस कायदा वाचत नाही, तो स्पेलिंग वाचतो. अभिहस्तांतरणाचे कागद जुन्या नावाने तयार होते, त्यात पुन्हा दुरुस्ती. एका सभासदाने मध्येच फ्लॅट विकायला काढला, तर त्याच्या गिऱ्हाइकाच्या बँकेने विचारले, ही सोसायटी तीच कशावरून? दीड वर्ष गेले. पेढे मात्र चांगले होते.

कागदी_घोडा
कर्जतकर, हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. यात अवांतर काही नाही. धर्मादायला तर दुहेरी काम. आधी संस्था नोंदणीकडे खास सभेचा ठराव घेऊन नावबदल, मग नव्वद दिवसांत विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट. त्यावर नोटीस, चौकशी, आदेश. तो मंजूर झाला की मगच परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर नवे नाव चढते, आणि बँक मागते तो उतारा. काही चेंज रिपोर्ट माझ्यादेखत म्हातारे झाले.

सिन्नरचा_वारा
म्हणजे एकदाच ठेवायचे आणि नीट ठेवायचे. ते वडिलांच्या नावाचे काय करू? एक्कावन्न हजार म्हणजे आमच्यासाठी नऊ-दहा व्हीलचेअर.

आजीचा_बटवा
माझे मत विचाराल तर नको. आज एक्कावन्न हजार दिले, उद्या ते म्हणतील वॉकर आमच्या जावयाला आधी. नाव दिले की मालकी वाटते माणसाला. त्यांच्या वडिलांच्या नावाने दोन व्हीलचेअर करा, पाठीवर पट्टी लावा. रोज कुणीतरी बसेल, रोज नाव वाचले जाईल.

चहाटळ
रोज कुणीतरी वडिलांवर बसेल असे म्हणू नका त्यांना.

पाटलीण_बाई
@आजीचा_बटवा, सरसकट असे नसते हो. आमच्या गावचे वाचनालय एका शिक्षकांच्या नावाने आहे, घरचे कधी ढुंकून बघत नाहीत. उलट या म्हणून आम्हीच मागे लागतो.

कागदी_घोडा
मालकीचा वाद तुमचा तुम्ही सोडवा. मी कागदापुरते सांगतो: "कै." आणि "डॉ." नावात घेऊ नका. टिंब असलेले शब्द पुढे छळतात. प्रमाणपत्रावर "कै." येते, पॅनवर गळते, बँकेत "कैलासवासी" असे पूर्ण होते. तीन कागदांवर तीन नावे. देणगीदाराच्या पावतीवर एक नाव आणि पॅनवर दुसरे असले की त्याच्या करसवलतीच्या वेळी तो तुम्हाला शोधत येतो.

आणखी एक, जे टायपिस्ट कधी सांगत नाही. आपली नोंदणी मराठीत होते, पॅन इंग्रजीत. इंग्रजी स्पेलिंग कोण ठरवतो? बहुतेक वेळा पॅनचा फॉर्म भरणारा सायबर कॅफेवाला. ते पहिल्याच सभेत ठरवा, ठरावात लिहा, आणि जमल्यास ज्ञापनात मराठी नावाखाली इंग्रजी अक्षरांतही टाका.

ज्ञानपिपासू७२
आधीच कुणी ते नाव घेतले आहे का हे कसे बघायचे? की तेही कंपन्यांचेच असते?

कागदी_घोडा
रागावू नका हो. तुमच्यामुळे तर सगळे बोलणे निघाले. हुबेहूब किंवा लोकांची फसगत होईल इतके जवळचे नाव संस्थांनाही चालत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या संस्था शोधता येतात. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून, "सेवा" च्या जागी "सेवाभावी" घालून, "संस्था" गाळून असे पाच-सहा प्रकारे बघा. तिथे सापडले नाही म्हणजे नाहीच, असे धरू नका. जुन्या कित्येक संस्थांची नावे कशीही टंकलेली आहेत. म्हणून दुसरे नाव खिशात ठेवायचे. गावाचे नाव शेवटी जोडले की जवळपासच्या नावांची टक्कर बरीच टळते.

मावळचा_गडी
मग "आधार" ठेवा. छोटे, सुटसुटीत.

ॲड_मृद्गंध
आधार? कार्डवाल्या रांगा लागतील गाळ्यासमोर. शिवाय पहिलाच मुद्दा आठवा, सरकारी वाटेल असे नको.

मावळचा_गडी
मराठीतले शब्दच संपत चाललेत राव.

सिन्नरचा_वारा
अपडेट. रविवारी पुन्हा बसलो. हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. छत्रपतीवाल्या सभासदाने तसबिरीची गोष्ट मान्य केली, पण तसबीर तोच आणणार आणि कुठे लावायची तेही तोच ठरवणार. एक्कावन्न हजारवाले अजून घुश्शात आहेत. व्हीलचेअरची पट्टी सुचवली तर "विचार करतो" म्हणाले. आजींचे म्हणणे सांगितले, चहाटळांचे सांगितले नाही.

नाव एकमताने ठरले: देवनदी रुग्णसाहित्य सेवा संस्था, सिन्नर. नदी आमचीच, देव असून देवस्थान नाही. शोधले, सापडले नाही. दुसरे खिशातले नाव "सिन्नर रुग्णसाहित्य केंद्र". भाच्याने अधिक चिन्ह हिरवे केले, आता ते औषधाच्या दुकानासारखे दिसते, पण असो.

अडले ते घोडेसाहेबांच्या स्पेलिंगवर. मी Devnadi लिहिले. खजिनदार म्हणतो त्याचे आडनाव देवरे, सगळ्या कागदांवर Deore, म्हणून Deonadi हवे. पाऊण तास तेवढ्यावर गेला.

ॲड_मृद्गंध
ठरावात काय लिहिलेत शेवटी?

सिन्नरचा_वारा
मतदान घेतले. तीन-तीन-एक.

कागदी_घोडा
तो एक कोण ते विचारत नाही. v टाका आणि सह्या घ्या.